यूट्यूबवर मध्येच घुसणाऱ्या जाहिराती कमी कशा कराव्यात

व्हिडिओ सुरू होण्याआधीची जाहिरात माणूस सोसतो. डोक्यात जाते ती मधली. कीर्तनकार आख्यानाच्या ऐन भरात आलेले असतात आणि तेवढ्यात पडद्यावर कोणीतरी गुटगुटीत बाळाला डायपर घालू लागतं. यावर ‘हे अ‍ॅप टाक, ते एक्स्टेन्शन लाव’ असे सल्ले देणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. तो मार्ग इथे नाही. जाहिरात अडवणारी एक्स्टेन्शन यूट्यूबच्या नियमांत बसत नाहीत. 2023 पासून कंपनी ती वापरणाऱ्यांना इशारा देऊन व्हिडिओच थांबवू लागली. व्हीपीएन लावून, म्हणजे आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवून, स्वस्त देशातून यूट्यूबचं जाहिरातमुक्त सदस्यत्व घेणाऱ्यांची सदस्यत्वंही रद्द झाली आहेत. सरळ मार्गाने काय होतं आणि कितीला होतं, एवढंच पाहू.

आधी मधली जाहिरात येते कुठून ते बघा

मधली जाहिरात आठ मिनिटांच्या किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओतच येते. 2020च्या जुलैपर्यंत ही मर्यादा दहा मिनिटांची होती. जाहिराती कुठे टाकायच्या हे चॅनलवाला स्वतः ठरवू शकतो किंवा ते काम यूट्यूबवर सोपवू शकतो. म्हणून एकाच लांबीच्या दोन व्याख्यानांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. एकात दोनदाच अडथळा, दुसऱ्यात दर चार मिनिटांनी.

संगणकावर व्हिडिओ उघडलात की खालच्या पट्टीवर बारीक पिवळे ठिपके दिसतात. त्या मधल्या जाहिरातींच्या जागा. पट्टी पुढे सरकवून ठिपका ओलांडला तरी जाहिरात लागतेच, तेव्हा ठिपके पाहून पळवाट सापडत नाही. मात्र तेच व्याख्यान दोन चॅनलांवर असेल तर कुठे कमी ठिपके आहेत ते पाहून निवडता येतं. जाहिरातींची संख्या कमी करायला फुकटात होण्यासारखं एवढंच.

सेटिंगमधून काय होतं, काय होत नाही

जाहिरातींची संख्या कमी करणारं बटण फुकट खात्यात नाही. ते शोधण्यात वेळ घालवू नका. `My Ad Center` नावाचं एक पान आहे, पत्ता `myadcenter.google.com`. तिथे ‘वैयक्तिक जाहिराती’ बंद करता येतात, आणि बरेच जण ते करून निर्धास्त होतात. पण त्याने जाहिराती थांबत नाहीत, फक्त तुमच्या आवडीनिवडीशी संबंध नसलेल्या जाहिराती येतात.

त्या पानाचा खरा उपयोग दुसरा आहे. तिथल्या संवेदनशील विषयांच्या यादीत दारू, जुगार, डेटिंग, वजन घटवणं आणि गर्भारपण-बालसंगोपन हे विषय आहेत. ते एकेक करून कमी करता येतात. घरच्या टीव्हीवर सगळे एकत्र बसून बघत असतील तर हे पाच मिनिटांचं काम जरूर करून टाका. एखादी विशिष्ट जाहिरात सतत छळत असेल तर ती चालू असताना तिच्यावरच्या तीन टिंबांवर किंवा छोट्या ‘i’ खुणेवर दाबा आणि ती अडवा. डायपर जाईल. त्याच्या जागी सिमेंट येईल, हे मात्र गृहीत धरा.

‘जॉइन’ बटण दाबून एखाद्या चॅनलचं सदस्यत्व घेतलं की त्या चॅनलवरच्या जाहिराती जातात, असाही एक समज आहे. तसं होत नाही. ते पैसे चॅनलवाल्याला पाठिंबा म्हणून जातात, बदल्यात बिल्ला आणि खास व्हिडिओ मिळतात. जाहिराती तशाच राहतात.

पैसे भरायचे तर कोणत्या योजनेचे

इथेच बहुतेकांची गफलत होते. म्हणून पैसे भरण्याआधी एक काम करा: `youtube.com/feed/history` उघडा आणि गेल्या आठवड्यात काय काय पाहिलंत ते वरून खाली वाचा. गाणी किती, शॉर्ट्स किती आणि लांब व्हिडिओ किती, एवढंच बघायचं. आपण काय पाहतो याबद्दलची आपली समजूत आणि ही यादी सहसा जुळत नाही.

यादीत मुलाखती, पाककृती, बातम्यांवरच्या चर्चा, अभ्यासाचे तास असंच जास्त असेल तर ‘प्रीमियम लाइट’ ही यूट्यूबची स्वस्तातली योजना पुरेल. ती भारतात 2025च्या सप्टेंबरअखेरीस महिना 89 रुपयांना सुरू झाली. तिच्यात बहुतेक व्हिडिओंमधल्या जाहिराती जातात. पण संगीत म्हणून नोंदलेल्या व्हिडिओंवर, शॉर्ट्सवर आणि शोधताना-चाळताना जाहिराती दिसत राहतात. मराठी घरात हा ‘पण’ जड पडतो. नुसत्या निरूपणाचं कीर्तन सुटेल, तर कॅसेट कंपनीच्या चॅनलवरचे अभंग किंवा नाट्यगीतं अडकतील. कोणतं कशात मोडतं हे आधी सांगता येत नाही. एक महिना घेऊन बघणं हाच उपाय, आणि तेवढ्यापुरतं 89 रुपये ही काही फार मोठी किंमत नाही.

यादीत गाणी भरपूर असतील तर पूर्ण ‘प्रीमियम’च घ्यावं लागतं. 2024च्या ऑगस्टमधल्या दरवाढीनंतर एका माणसाचं मासिक सदस्यत्व 149 रुपयांना झालं, विद्यार्थ्यांसाठी 89 आणि कुटुंबासाठी 299. वर्षाचे एकदम भरले तर 1490, म्हणजे महिन्याला साधारण 124. दर बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्याआधी `youtube.com/premium` वर आजचा आकडा बघून घ्या. विद्यार्थ्याला शिक्षणसंस्थेचा पुरावा द्यावा लागतो आणि दरवर्षी तो पुन्हा पडताळला जातो.

हिशेब एका घरावर करून बघू. साताऱ्यात आई, वडील आणि आजी, तर मुलगा पुण्यात वसतिगृहावर. टीव्हीवर आजीचं कीर्तन आणि अभंग, वडिलांच्या फोनवर राजकीय चर्चा, आईच्या फोनवर पाककृती आणि जुनी गाणी. चौघांनी 299ची कुटुंब योजना घेतली तर माणशी 75 रुपये पडतात आणि गोष्ट मिटल्यासारखी वाटते. पण ही योजना एका घरात राहणाऱ्यांसाठी आहे. मुख्य सदस्य आणि आणखी पाच जण, सगळे तेरा वर्षांपुढचे, एकाच पत्त्यावरचे. ही गोष्ट यूट्यूब दर तीस दिवसांनी तपासतं. पुण्यातल्या मुलाचं खातं त्यात बसत नाही. कधीतरी सूचना येईल, त्याचा लाभ थांबेल आणि जाहिराती परत सुरू होतील. तेव्हा साताऱ्याच्या तिघांसाठी 299 आणि मुलासाठी विद्यार्थी योजना 89, एकूण 388.

हे जास्त वाटत असेल तर दुसरी मांडणी आहे. टीव्ही ज्या खात्यावर चालतो त्या एकाच खात्यावर 149चं सदस्यत्व घ्यायचं आणि फोनवर जाहिराती सोसायच्या. खरा त्रास मोठ्या पडद्यावर लांब व्हिडिओ पाहताना होतो, फोनवर आपण तसेही निम्म्यात उठतो. मला विचाराल तर बहुतेक घरांना हीच मांडणी परवडते आणि पुरतेही.

घेताना

आयफोनवर असाल तर यूट्यूबच्या अ‍ॅपमधून सदस्यत्व घेऊ नका. अ‍ॅपलमार्फत भरलेला दर जास्त असतो, आणि पुढे रद्द करायचं झालं तर तेही अ‍ॅपलच्या सेटिंगमध्ये जाऊनच करावं लागतं. फोनमधलाच ब्राउझर उघडा, आपल्या खात्याने आत जा आणि `youtube.com/premium` वरून घ्या.

दर महिन्याला खात्यातून आपोआप पैसे जाणारी योजना आणि एकदाच भरून संपणारी योजना, असे दोन प्रकार दिसतील. नव्या माणसाला एक महिना फुकट मिळतो तो पहिल्या प्रकारात, आणि तो संपला की पैसे कापायला सुरुवात होते. ज्येष्ठांच्या खात्यावर मी नेहमी दुसराच प्रकार घ्यायला सांगतो. एक, तीन किंवा बारा महिन्यांचे भरायचे, मुदत संपली की आपोआप बंद. दर महिन्याला बँकेचा ‘पैसे वजा होणार आहेत’ असा संदेश आला की त्यांचा जीव उगाच टांगणीला लागतो.

पैसे भरले तरी जाहिरात येते आहे?

दहातल्या नऊ वेळा कारण एकच: पैसे एका खात्यावर भरलेले आणि टीव्ही दुसऱ्याच खात्यावर. सदस्यत्व जीमेलच्या खात्याला चिकटलेलं असतं, टीव्हीला किंवा वायफायला नाही. ओळखायचं कसं? वरच्या कोपऱ्यातलं बोधचिन्ह बघा. तिथे नुसतं ‘YouTube’ न लिहिता ‘Premium’ लिहिलेलं दिसलं तर खातं बरोबर आहे. तसं नसेल तर टीव्हीवर डावीकडे खात्याच्या चित्रावर जाऊन नवं खातं जोडा. पडद्यावर एक कोड येतो. फोनवर `youtube.com/activate` उघडून, ज्या खात्यावर पैसे भरलेत त्याच खात्याने आत जाऊन तो कोड टाका. टीव्ही ‘पाहुणा’ म्हणून चालू असेल तर सदस्यत्व असूनही जाहिराती येणारच.

कुटुंब योजनेत आणखी एक पायरी राहून जाते. मुख्य सदस्याने आमंत्रण पाठवलं म्हणजे झालं असं नाही. समोरच्याने ते ईमेलमधून स्वीकारावं लागतं. आणि एका कुटुंब-गटातून दुसऱ्यात जाणं बारा महिन्यांतून एकदाच जमतं, तेव्हा मेव्हण्याच्या गटात आधीच असाल तर घाई करू नका.

एवढं सगळं बरोबर असूनही मध्येच कोणी ‘आजच्या व्हिडिओचे प्रायोजक’ म्हणून तेल विकत असेल तर ते यूट्यूबची जाहिरात नाही. ते चॅनलवाल्याने व्हिडिओतच चित्रित केलेलं असतं. तिथे कोणतीही योजना चालत नाही. पूर्ण प्रीमियममध्ये एक सोय आहे: फोनवर पुढे जाण्यासाठी दोनदा टॅप केलं की कधीकधी `Jump ahead` असं बटण येतं. बहुतेक प्रेक्षक जो भाग ओलांडतात, त्याच्यापलीकडे ते नेऊन सोडतं.

नको झालं तर

फोनवरच्या अ‍ॅपमध्ये सेटिंगमध्ये जाऊन `Purchases and memberships` उघडा, किंवा ब्राउझरमध्ये थेट `youtube.com/paid_memberships`. रद्द केलं तरी भरलेल्या पैशांची मुदत संपेपर्यंत जाहिराती येत नाहीत, त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट बघत बसायची गरज नाही. दर महिन्याची योजना असेल तर रद्द करण्याऐवजी एक ते सहा महिने थांबवूनही ठेवता येते. घर दोन महिने बंद राहणार असेल, किंवा मुलीच्या दहावीच्या वर्षात टीव्हीलाच सुट्टी द्यायची असेल, तर तेच सोयीचं.