शेवटच्या ध्रुवपदात एकच शब्द बदलून ओळीचा अर्थ कसा फिरवायचा

ध्रुवपद चार वेळा तेच ऐकलं की पाचव्यांदा ते कानावर येण्याआधीच ऐकणाऱ्याच्या मनात सुरू झालेलं असतं. त्या वेळी ओळीतला नेमका एक शब्द वेगळा आला, तर बाकीचे न बदललेले शब्दही नव्यानं ऐकू येतात. मात्र हा एक शब्द निवडण्यापेक्षा त्याच्या आजूबाजूची तयारी जास्त वेळ खाते. एक छोटं गाणं घेऊन ती तयारी पायरीपायरीनं पाहू.

गाणं सातारा जिल्ह्यातलं, पाटण-जावळीकडचं समजा. मुंबईला कामाला गेलेला मुलगा गावाकडच्या आईला दर वर्षी सांगतो, यंदा जत्रेला येतो. ध्रुवपदाची ओळ अशी:

यंदा जत्रेला गावी येईन

आणि तिच्यावर बेतलेले दोन अंतरे:

पहिला पगार हाती आला,
आई, तुला मी लुगडं घेईन

रजा मिळेना, गाडी भरली,
नारळ कुणाच्या हाती देईन

आधी ओळ तपासा

ओळीत असा एक शब्द हवा, की तो काढला तर वाक्य कोसळतं. बहुतेक वेळा ते क्रियापद असतं, कधी सर्वनाम, कधी काळ सांगणारा शब्द. आपल्या ओळीत 'यंदा' बदलून 'उद्या' केलं तर फक्त तारीख बदलते. 'गावी' बदलून 'घरी' केलं तर काहीच होत नाही. 'येईन' मात्र तीन गोष्टी सांगतो: कोण बोलतंय, कुठे जायचंय आणि हे वचन आहे. म्हणून बदलायची जागा तीच.

वजन मोजा

नवा शब्द जुन्याच्या जागी तंतोतंत बसला पाहिजे, नाहीतर गायकाला चाल ओढाताण करून म्हणावी लागते आणि ऐकणाऱ्याचं लक्ष अर्थाऐवजी त्या धक्क्याकडे जातं. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. ये-ई-न म्हणजे 2, 2, 1, एकूण 5. गायक बोलीत 'यीन' म्हणणार असेल तर तीनच मात्रा उरतात आणि सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो. त्यामुळे उच्चार आधी पक्का करा.

आता 5 मात्रांचे, 2-2-1 असेच बसणारे शब्द गोळा करा. आपल्याला तीन सापडतात: नेईन, राहीन, येशील.

'नेईन' घेतला तर अर्थ चांगला होतो. आईला मुंबईला आणलेलं आहे आणि मुलगा म्हणतो, मी तुला गावी नेईन. पण 'येईन' आणि 'नेईन' यांत फक्त पहिलं व्यंजन वेगळं आहे, मागचे स्वर सगळे तेच. जत्रेतल्या कर्ण्यावर, ढोलकीच्या आवाजात, हा फरक विरून जातो. कागदावर सुंदर दिसणारे कितीतरी बदल असेच वाया जातात, म्हणून शब्द निवडताना तो डोळ्यांनी वाचू नका, दुसऱ्या खोलीतून कुणाला तरी म्हणायला सांगून ऐका.

'राहीन' स्पष्ट ऐकू येतो, यमकही टिकतं. मुलगा कायमचा गावी परतला, असा अर्थ आपल्याला हवा असतो. पण ओळ पुन्हा सलग वाचा: यंदा जत्रेला गावी राहीन. 'यंदा जत्रेला' हे शब्द तसेच आहेत आणि ते 'राहीन'ला जत्रेच्या दोन दिवसांपुरतं बांधून टाकतात. ऐकणाऱ्याला वाटतं, या वेळी मुक्काम करणार आहे एवढंच. इथे दोष 'राहीन'चा नाही. उरलेली ओळ त्याला मोठं होऊ देत नाही.

'येशील' घेतला की बोलणाराच बदलतो. तोच मुलगा आता म्हातारा होऊन गावी आलाय आणि शहरातल्या आपल्या पोराला विचारतोय: यंदा जत्रेला गावी येशील? आता एकेक शब्द पाहा. 'यंदा' आधी दर वर्षीची सबब होती, आता तो किती 'यंदा' उरलेत याचा शब्द झाला. 'गावी' आधी लांबचं ठिकाण होतं, आता बोलणारा तिथंच बसलाय. 'येणं' आधी आईकडे होतं, आता त्याच्याकडे. आणि वचनाचा प्रश्न झाला. एका बदलानं उरलेला प्रत्येक शब्द हलत असेल, तर शब्द बरोबर सापडला असं समजा. आपण 'येशील' धरू.

शेवटचा अंतरा: इथेच बहुतेक गाणी फसतात

बोलणारा बदलला हे ध्रुवपद एकटं सांगू शकत नाही. ते काम शेवटच्या अंतऱ्याचं. त्यानं तीन गोष्टी द्यायच्या: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, मधे किती काळ गेला. आणि चौथी गोष्ट, म्हणजे वाट पाहणं, अजिबात द्यायची नाही, कारण ती ध्रुवपदासाठी राखायची आहे.

पहिल्या खर्ड्यात हात सहज असं लिहून जातो: 'आता मी म्हातारा झालो, आईसारखी वाट बघतो.' इथे सगळं सांगून झालं. यानंतर 'येशील' आला तरी ऐकणाऱ्याला काही नवं कळत नाही, तो फक्त दुजोरा ठरतो. असा अंतरा खोडून टाका. त्याऐवजी:

पोरा, आजी कधीच गेली,
नारळ तूच देवाला नेशील

'पोरा' या हाकेनं ऐकणारा ठरला. 'आजी' म्हणजे पहिल्या अंतऱ्यातली आई, हे नातं ऐकणारा स्वतः जोडतो, आणि त्यातूनच बोलणारा कोण हे कळतं. 'कधीच' या एका शब्दात मधली वर्षं आली. दुसऱ्या अंतऱ्यात कुणाच्या तरी हाती दिलेला नारळ इथे परत आल्यानं जुना माणूस तोच आहे याची खूण पटते. अशी एखादी वस्तू आधीच्या अंतऱ्यात पेरून ठेवलेली नसेल, तर मागे जाऊन पेरा.

मात्रा पाहा: तिन्ही अंतऱ्यांत पहिली ओळ 16 मात्रांची आणि दुसरी 18 मात्रांची आहे. चाल बदलावी लागत नाही, आणि बदलूही नये. अंतऱ्याची चाल वेगळी केली की ऐकणारा सावध होतो आणि बदलाची वाट पाहू लागतो.

यमकाचंही पाहावं लागतं. घेईन, देईन यांच्या जोडीला आता 'येशील' येणार, म्हणून अंतऱ्याची शेवटची ओळ '-शील'नं संपवली. पण ती प्रश्नार्थक ठेवलेली नाही. 'नेशील?' असं विचारून टाकलं तर गाण्यातला पहिला प्रश्न तिथेच खर्च होतो आणि ध्रुवपदाच्या वाट्याला दुसरा, शिळा प्रश्न येतो.

तालात बसवणं

केरवा 8 मात्रांचा. इथली मात्रा म्हणजे तालाचा ठोका, अक्षराचं वजन नव्हे. ओळ दोन आवर्तनांत अशी बसते:

यं दा ज त्रे | ला ऽ गा वी
ये ऽ ई ऽ | न ऽ ऽ ऽ

'ये' दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पडतो. 'येशील'ची अडचण इथे दिसते: समेवरचं अक्षर जुनंच आहे, नवं अक्षर 'शी' तिसऱ्या मात्रेवर येतं, जिथे ढोलकीवाला भरगच्च वाजवत असतो. म्हणून शेवटच्या वेळी ढोलकी दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर एक थाप देऊन थांबवा. 'शी' मोकळ्या जागेत येतो आणि स्वच्छ ऐकू जातो.

'न' नाकातून गुणगुणत लांबवता येतो, 'ल' तसा लांबत नाही, जीभ अडकते. म्हणून लांबी 'शी'ला द्या आणि 'ल' उशिरा मिटवा:

ये ऽ शी ऽ | ऽ ऽ ल ऽ

स्वरांतही एवढाच फरक करा. 'येईन' जर ग, रे, सा असा उतरून षड्जावर विसावत असेल, तर 'येशील' रेवरच थांबवा. सा न आल्यानं प्रश्न उघडा राहतो. याहून जास्त काही करू नका. शब्दही बदलला, चालही बदलली, पट्टीही चढवली, तर ऐकणाऱ्याला एकूण गोंधळ कळतो, शब्द कळत नाही.

किती वेळा म्हणायचं

सुरुवातीला दोनदा आणि पहिल्या दोन अंतऱ्यांनंतर एकेकदा, अशी जुनी ओळ बदलाआधी चार वेळा येते. तेवढी पुरते. तीनपेक्षा कमी झाली तर ती मनात बसत नाही. प्रत्येक वेळी चार-चार वेळा घोळवली तर ऐकणं थांबतं आणि टाळ्या सुरू होतात.

नवी ओळ आल्यावर जुनीकडे परत जायचं नाही. तिहाई घेऊन संपवायची सवय असेल तर तिन्ही वेळा 'येशील'च म्हणा. दोनदा 'येईन' आणि तिसऱ्यांदा 'येशील' ही युक्ती बोलणारा एकच असलेल्या गाण्यात चालते. इथे दोन वेगळ्या वयांचा माणूस एका दमात बोलल्यासारखं होईल.

मंचावर आणि रेकॉर्डिंगला

सगळ्यात नेहमीची चूक कागदावरची असते. वहीत अंतऱ्याखाली नुसतं ॥धृ॥ लिहिलेलं असतं आणि मागचे झीलकरी सवयीनं जुनाच शब्द उचलतात. मुख्य गायक 'येशील' म्हणतोय आणि मागून चौघं 'येईन' म्हणतायत, म्हणजे 'शी'वर 'ई' चढते आणि काहीच कळत नाही. शेवटचं ध्रुवपद पूर्ण लिहून काढा, बदललेला शब्द लाल शाईनं. त्याहून बरं म्हणजे ती ओळ एकट्यानं म्हणावी, झीलकऱ्यांनी गप्प राहावं.

जत्रेत लोकही सोबत म्हणू लागतात. तसं होत असेल तर ढोलकी आणखी आधी, तिसरा अंतरा संपतानाच उतरवा. ठेका थांबला की गर्दीही बहुतेक थांबते.

रेकॉर्डिंगमध्ये ध्रुवपद एकदा गाऊन पुढे तेच चिकटवण्याची पद्धत आहे. शेवटचं ध्रुवपद स्वतंत्र गाऊन घ्या आणि मागच्या कोरसचा जुना तुकडा त्याखाली राहिलेला नाही ना, तो कोरस एकटा वाजवून ऐका.

तपासणी

गाणं आधी न ऐकलेल्या दोघा-तिघांना एकदाच ऐकवा. शब्द बदललाय हे आधी सांगू नका. मग एवढंच विचारा: शेवटी कोण बोलत होतं? 'बाप' असं उत्तर आलं तर काम झालं. 'तोच मुलगा' आलं, पण 'येशील' त्यांनी ऐकला होता, तर अंतरा कमी पडतोय; हाक किंवा नातं अजून स्पष्ट करा. 'येशील' ऐकूच आला नसेल तर अंतऱ्याला हात लावू नका, ढोलकी आणि 'शी'ची लांबी पाहा. आणि तिसरा अंतरा सुरू असतानाच कुणी मान हलवून 'कळलं' असं दाखवलं, तर अंतऱ्यातली एक माहिती काढा. बहुधा ती पहिल्या ओळीत नसून दुसरीत असते.