फोटोतला कुर्ता आणि पाठीमागचे चिमटे
ऑनलाइन कुर्ता घेताना मॉडेलच्या कमरेकडे नीट बघा. कापड सैल असलं की शूटिंगच्या वेळी ते पाठीमागे गोळा करून चिमट्यांनी आवळतात, त्यामुळे समोरून फिटिंग झकास दिसतं. बाजूची शिवण मागे ओढलेली दिसली किंवा आडव्या चुण्या पाठीकडे जात असल्या, तर बहुधा चिमटे लावलेत. समोरच्या मऊ प्रकाशात या चुण्या फिक्या पडतात, म्हणून फोटो मोठा करून बघा. पाठीचा फोटोच नसेल तर मला शंका येतेच. घरचा नीट बसणारा कुर्ता सपाट पसरून काखेखाली मोजा. 20 इंच भरला तर छातीचा घेर 40 इंच. हा आकडा तक्त्यातल्या कपड्याच्या मापाशी ताडा, अंगाच्या मापाशी नव्हे.