स्टेटमेंटच्या फोटोंवरून रोखीचा अंदाज: बसण्याआधीची तयारी

धंद्याच्या मालकाने मोबाइलवर काढलेले बँक स्टेटमेंटचे फोटो पाठवले की थेट वर्गवारीला हात घालू नका. आधी पाने लावून घ्या. प्रत्येक पानाची शेवटची शिल्लक पुढच्या पानाच्या पहिल्या शिलकेशी जुळते का, तेवढे पाहा. जुळत नसेल तर मधले पान राहिले आहे, किंवा एकाच पानाचे दोन फोटो आले आहेत. कडा कापलेला किंवा रकमेच्या रकान्यावर चकाकी आलेला फोटो पुन्हा मागवा, अंदाजाने आकडा भरू नका. शक्यतो बारा महिन्यांची पाने मागा, कारण विम्याचा वार्षिक हप्ता तीन महिन्यांच्या पानांत बहुधा दिसणारच नाही आणि नेमका तोच पुढे अंगावर येतो.

मग नोंदी शीटमध्ये उतरवा: तारीख, तपशील, जमा, नावे, शिल्लक. शिल्लक मुद्दाम उतरवायची, कारण फोटोवरून आकडे वाचताना झालेली चूक तीच पकडून देते. शेजारच्या रकान्यात मागची शिल्लक अधिक जमा वजा नावे असे सूत्र लावा आणि छापील शिलकेशी ताडून पाहा. समजा शिल्लक ८४,२५० होती, १२,६०० गेले आणि छापील शिल्लक ७१,६५० आहे. तुम्ही चुकून १२,०६० लिहिले तर सूत्र ७२,१९० दाखवेल. फरक ५४०, म्हणजे ९ ने भाग जाणारा. असा फरक दिसला की शेजारचे दोन अंक उलटे पडलेत का ते आधी बघा. तीच रक्कम जमेच्या रकान्यात गेली तर फरक २५,२०० येईल, बरोबर दुप्पट. तिरक्या फोटोत ओळ एका रकान्यातून दुसऱ्यात घसरलेली दिसते, त्यामुळे ही दुसरी चूक फार होते. सगळ्या ओळी जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

खरे काम जमेच्या बाजूला आहे. खात्यात आलेला प्रत्येक पैसा धंद्याने कमावलेला नसतो. एका महिन्याची एकूण जमा ६,४०,००० आहे असे धरू. त्यात १,५०,००० कर्जाचे आले, ८०,००० मालकाने स्वतःच्या दुसऱ्या खात्यातून वळवले, ४५,००० चा चेक जमा दिसतो पण दोन दिवसांनी परत गेला, आणि २०,००० पुरवठादाराने परत केलेल्या मालाचे दिले. हे बाजूला काढले की ग्राहकांकडून आले फक्त ३,४५,०००. वरचा आकडा धरून पुढचे महिने मांडले असते तर जवळजवळ निम्मा पैसा हवेतला ठरला असता. वळवलेल्या रकमेसाठी दुसऱ्या खात्याचेही स्टेटमेंट मागा, दोन्ही टोके एकमेकांसमोर ठेवा आणि दोन्ही वगळा. परत गेलेल्या चेकची जमा आणि उलट नोंद एकमेकांना मारा, बँकेने लावलेला दंड मात्र खर्चात राहू द्या. पुरवठादाराचा परतावा खरेदीतून वजा करा. कर्ज आणि मालकाची भर यांना स्वतंत्र रकाना द्या. पैसा खरा असला तरी दर महिन्याला येणारा नाही.

जाणाऱ्या पैशात ठरल्या तारखेला जाणारे (भाडे, पगार, कर्जाचे हप्ते, कर) वेगळे ठेवा आणि विक्रीबरोबर कमी-जास्त होणारी खरेदी वेगळी. कर्जाच्या हप्त्यात मुद्दल किती, व्याज किती हे नफा काढताना लागते. इथे पूर्ण हप्ता जातो, तेवढाच लिहा. मालकाची घरखर्चाची उचल लपवू नका, ती धंद्यातूनच जाते.

एटीएममधून काढलेली रोख आणि नुसत्या संदर्भ क्रमांकाच्या नोंदी ‘विचारायचे’ या रकान्यात टाका. तपशिलावरून तर्क करण्याचा मोह होतो, पण एकाच नावाचा माणूस पुरवठादारही असतो आणि उसने देणाराही. मालकाला फोन करताना तारीख आणि रक्कम सांगा, नुसते ‘ते मागच्या महिन्यातले’ म्हटले तर त्याला आठवत नाही.

तारीख मात्र बँकेचीच धरा, बिलाची नको. ग्राहक बिलानंतर किती दिवसांनी पैसे देतो हे दोन्ही तारखांच्या अंतरावरून कळते, आणि अंदाजाला तेच अंतर लागते. म्हणून येणी-देणींची यादी सोबत मागा. स्टेटमेंट झालेले सांगते, अजून न आलेले बिल त्यात नसते. कार्डवरची विक्री बहुतेक वेळा शुल्क कापून, एखाद-दुसऱ्या दिवसाने जमा होते, तिथे हाती आलेली रक्कमच घ्या.

यानंतर तेरा आठवड्यांचा तक्ता आखा. महिन्याच्या तक्त्यात पगार आणि ग्राहकाचे पैसे एकाच ओळीत बसतात आणि मधल्या आठवड्यातली टंचाई दिसत नाही. सुरुवातीला शेवटच्या छापील शिलकेतून, दिलेले पण अजून न वटलेले चेक वजा करा आणि तो आकडा पहिल्या आठवड्याच्या डोक्यावर लिहा.