दार घासतंय? रंधा मारायच्या आधी वरची बिजागरी बघा

आषाढात कोल्हापूरचा पाऊस लागला की दार घासायला लागतं आणि आपण म्हणतो, लाकूड फुगलं. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी तसं नव्हतं. दार अर्धं उघडून मुठीला धरून वर उचललं, तर वरची बिजागरी चौकटीपाशी हलत होती. भोक सैल झालेलं, स्क्रू नुसताच फिरायचा. दाराखाली पाचर सारून वजन काढलं, भोकात फेव्हिकॉल लावलेल्या बांबूच्या काड्या ठासल्या आणि रात्रभर वाळू दिल्या. सकाळी बारीक भोक पाडून तोच स्क्रू आवळला. दार वर आलं, कडीही बिनबोभाट बसली.

बिजागरी घट्ट असूनही घासत असेल, तर मात्र लाकूडच फुगलंय. घासतं तिथं पेन्सिलीनं खूण करा, रंधा आत्ता नको. आत्ता मारलात तर लाकूड वाळल्यावर मे महिन्यात बोटभर फट दिसेल.