सप्लिमेंटच्या व्हिडिओत ‘गुडघेदुखी गायब’ लिहिताय? या चुका टाळा

मी छोट्या ब्रँडसाठी मराठी रीलच्या संहिता लिहिते. मध्यंतरी कॅल्शियम आणि डी3 च्या गोळ्या विकणाऱ्या एका ब्रँडकडून 45 सेकंदांची तयार संहिता आली. ‘जरा गोड करून द्या’ एवढंच काम होतं. संहिता अशी:

‘गुडघे दुखतात? जिना चढताना कटकट आवाज येतो? माझ्या सासूबाईंचंही असंच होतं. मग आम्ही या गोळ्या सुरू केल्या. तब्बल 1250 मिलिग्रॅम कॅल्शियम, सोबत व्हिटॅमिन डी3, शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य! पंधरा दिवसांत फरक. आज सासूबाई पर्वती चढतात. डॉक्टरही हेच सांगतात. एफएसएसएआय प्रमाणित. लिंक बायोत.’

ऐकायला कान सरावलेत, म्हणून खटकत नाही. पण यात धड वाक्य शोधायचं तर ‘लिंक बायोत’ हेच सापडतं.

मोठी चूक पहिल्याच ओळीत आहे. गुडघेदुखी हे आजाराचं लक्षण आहे आणि गोळी खाद्यपदार्थ म्हणून विकली जातेय. हेल्थ सप्लिमेंट अन्न सुरक्षा कायद्याखाली येतं, त्याच्या डबीवर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ छापावंच लागतं. म्हणजे डबी म्हणते औषध नाही आणि व्हिडिओ म्हणतो दुखणं गेलं. त्याच कायद्याखालच्या 2018 च्या जाहिरात व दावे नियमांनुसार खाद्यपदार्थ रोग बरा करतो, त्यावर उपचार करतो किंवा तो होऊ देत नाही असं म्हणता येत नाही. रोगाचा धोका कमी होतो एवढं म्हणायलाही परिशिष्टात ठरवून दिलेलेच दावे चालतात, तेही त्यांच्या अटींसकट. त्याबाहेरचं काही म्हणायचं तर आधी मंजुरी. शिवाय उपचाराचा दावा केला की 1954 चा औषधे व जादूटोणा उपाय कायदाही दाराशी येतो. त्याच्या यादीत 54 विकार आहेत. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, संधिवात हे सगळे त्यात आहेत, म्हणजे सप्लिमेंटच्या रीलमध्ये ज्यांची सगळ्यात जास्त चलती आहे नेमके तेच.

इथे लिहिणारे एक पळवाट काढतात. ‘बरं करतं’ खोडून ‘आराम मिळायला मदत करतं’ लिहितात, किंवा ‘गुडघेदुखीवर गुणकारी ठरू शकतं’. मीही पूर्वी हेच करायचे. पण शब्द मऊ केला तरी वाक्याचं कर्म तेच राहतं, गुडघेदुखी. मला उपयोगी पडलेली कसोटी साधी आहे. शेजारच्या काकूंना व्हिडिओ एकदा दाखवायचा आणि विचारायचं, ‘या गोळीने काय होतं?’ त्या म्हणाल्या ‘गुडघे बरे होतात’, तर दावा तोच आहे, तुम्ही ‘मदत’ लिहा नाहीतर ‘साथ’. नियमही एकेक शब्द सुटा न पाहता पाहणाऱ्याच्या मनात काय ठसतं ते पाहतात.

आणि गुडघ्याचं म्हणाल तर कॅल्शियमचा इथे संबंधच पातळ आहे. उतारवयातली गुडघेदुखी बहुतेक वेळा सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची मऊ गादी, झिजल्यामुळे असते. कॅल्शियम हाडाच्या घडणीत लागतं, झिजलेली कूर्चा ते भरून देत नाही. म्हणजे ‘पंधरा दिवसांत फरक’ हा नियमात बसत नाहीच, खरा असायचीही शक्यता कमी. सासूबाईंना खरंच बरं वाटलं असेल. त्याच पंधरवड्यात त्यांनी मालिश केली असेल, जिना टाळला असेल, किंवा दुखणं आपलं आपण उतरलं असेल. त्यांचा अनुभव खोटा ठरवायचं कारण नाही. पण जाहिरातीत तो ठेवला की तो ब्रँडचाच दावा होतो. ‘हा तर वैयक्तिक अनुभव’ म्हणून सुटका होत नाही.

आता 1250 या आकड्याकडे या. मी डबीचा फोटो मागवला. पोषण तक्त्यात लिहिलं होतं: ‘कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिग्रॅ, त्यातून मिळणारं कॅल्शियम 500 मिग्रॅ’. दुसरी ओळ बारीक, पहिली ठळक. कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात कॅल्शियम असतं साधारण 40 टक्के, बाकी कार्बोनेट. 1250 चे 40 टक्के काढा, बरोबर 500 येतात. म्हणजे ‘1250 मिलिग्रॅम कॅल्शियम’ म्हणताना अडीचपट फुगवून सांगितलं जात होतं, आणि ब्रँडच्या माणसाला ते ठाऊकही नव्हतं. त्याने डबी वाचली होती, फक्त वरची ओळ.

हा आकडा फुगण्यात आणखी एक गोम आहे. आयसीएमआरच्या शिफारशीत मोठ्या माणसासाठी दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम धरलंय. 1250 ऐकलेल्या माणसाला वाटेल की एका गोळीत दिवसाची गरज भागून वर उरतं. मग तो दूध-दह्याकडे काणाडोळा करेल. याच कारणासाठी सप्लिमेंट हा चौरस आहाराला पर्याय नाही, हेही लेबलवर लिहावं लागतं. आकडा लिहिताना मी आता दोन गोष्टी पाहते: तो मूळ घटकाचा आहे की त्याच्या क्षाराचा, आणि एका गोळीचा आहे की एका सर्व्हिंगचा. काही डब्यांवर सर्व्हिंग दोन गोळ्यांची असते, तिथे तो आकडा एका गोळीचा समजून लिहिला की दुप्पट फुगतो.

‘शंभर टक्के नैसर्गिक’ आणि ‘साइड इफेक्ट शून्य’ मी चर्चा न करता खोडलं. नैसर्गिक, शुद्ध, अस्सल हे शब्द नियमांतल्या अटींवरच वापरता येतात. आणि कॅल्शियम कार्बोनेटने बऱ्याच जणांना बद्धकोष्ठ होतं, तेव्हा शून्य कुठलं?

‘एफएसएसएआय प्रमाणित’ची गल्लत मात्र चांगली जाणती माणसंही करतात. डबीवरचा 14 आकडी क्रमांक हा या सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दिलेला व्यवसायाचा परवाना असतो. गोळी गुणकारी आहे असं कोणी तपासून दिलेलं प्रशस्तिपत्र ते नव्हे. परवाना क्रमांक दाखवा, ‘प्रमाणित’ म्हणू नका. ‘डॉक्टरही हेच सांगतात’ याला तर थेट मनाई आहे. वैद्यकीय व्यावसायिकांनी शिफारस केलीय असं खाद्यपदार्थाच्या जाहिरातीत म्हणता येत नाही.

हे सगळं खोडून संहिता पाठवली आणि मी निश्चिंत झाले. तिथे मीच चुकले. आठवड्याने कच्चं चित्रीकरण आलं. शब्द माझेच होते, पण पहिल्या दृश्यात एक बाई गुडघा धरून पायरीवर बसलेली, शेवटच्या दृश्यात तीच पर्वतीच्या पायऱ्या झपझप चढतेय, मध्ये पांढऱ्या कोटातला कोणीतरी एक्स-रेकडे बोट दाखवतोय. आवाज बंद करून पाहिलं तर जुनी संहिता जशीच्या तशी हजर! तेव्हापासून मी दृश्यांची यादीही संहितेतच लिहून देते. आवाज बंद करून एकदा पाहणं ही माझी शेवटची तपासणी असते. पांढरा कोट तर नकोच. खराखुरा तज्ज्ञ आरोग्याविषयी बोलत असेल तर त्याची पात्रता व्हिडिओत सांगावी लागते. नट असेल तर कोटाने तो डॉक्टर भासतो, आणि अडचण तिथेच आहे.

ब्रँडचा तोडगा ठरलेला होता: ‘शेवटी डिस्क्लेमर टाकू ना.’ इंग्रजीत, बारीक अक्षरांत, दोन सेकंद, ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात’ या अर्थाचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा, दाव्याच्याच फॉन्टमध्ये हवा, आणि दावा आवाजातून येत असेल तर खुलासा त्याच वेळी पडद्यावर हवा. मुख्य म्हणजे दिशाभूल करणारा दावा खुलासा जोडून दुरुस्त होत नाही. मराठी दाव्याखाली इंग्रजी खुलासा हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो, आणि तोच नेमका बसत नाही.

पैसे घेऊन किंवा फुकट माल घेऊन केलेल्या व्हिडिओवर ‘जाहिरात’ असं लिहायचं, हे आता बहुतेकांना माहीत आहे. किती वेळ, हे माहीत नसतं. जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे ॲस्कीच्या नियमाप्रमाणे 15 सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत किमान 3 सेकंद, त्याहून मोठ्या पण दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ. आमच्या 45 सेकंदांना 15 सेकंद. आम्ही पूर्णवेळ ठेवलं, मोजत कोण बसणार.

कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्या बाईलाही मी एक गोष्ट सांगितली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाखांपर्यंतचा दंड उत्पादकाइतकाच शिफारस करणाऱ्यालाही होऊ शकतो. दाव्याची खातरजमा केली होती हे दाखवता आलं, तर बचाव मिळतो. म्हणून डबीचा फोटो, प्रयोगशाळेचा अहवाल आणि ब्रँडने दाव्यासाठी दिलेला आधार असं सगळं एका फोल्डरमध्ये ठेवायचं. आधार म्हणजे याच घटकाचा, साधारण याच मात्रेत, माणसांवर केलेला अभ्यास. उंदरांवरचा निबंध धाडला तर तो परत पाठवायचा.

शेवटी गेलेली संहिता ही:

‘दिवसभरात तुमच्या पोटात कॅल्शियम किती जातं, कधी मोजलंय? मोठ्या माणसाला रोज साधारण 1000 मिलिग्रॅम लागतं. दूध, दही, नाचणी, तीळ यांतून ते मिळतं. आहारात कमी पडत असेल तर या एका गोळीत 500 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 250 आययू डी3 आहे. हाडांच्या घडणीला कॅल्शियम लागतं आणि ते शोषलं जायला डी जीवनसत्त्व लागतं. दिवसाला एकच गोळी, जेवणासोबत. मुतखडा झाला असेल किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. हे औषध नाही.’

थायरॉइडचं वाक्य ब्रँडला नको होतं, ‘उगाच घाबरतील’ म्हणून. पण कॅल्शियम त्या गोळीचं शोषण कमी करतं, दोन्हींमध्ये साधारण चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. आणि हा व्हिडिओ पाहणाऱ्यांत ती गोळी घेणाऱ्या बायका पुष्कळ असणार. वाक्य राहिलं. दृश्यांत स्वयंपाकघर, दह्याची वाटी, नाचणीची भाकरी आणि तक्ता वाचता येईल एवढ्या जवळून डबी.

नेहमीप्रमाणे शेजारच्या काकूंना दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, ‘हाडांची गोळी दिसतेय. माझ्या गुडघ्याचं काही बोलली नाही ती.’