फ्रेंच बोलभाषेतील भांडण मराठीत आणताना

फ्रेंच शिकून अनुवादाकडे वळणाऱ्यांना सरावासाठी मी नेहमी एक लहानसा प्रसंग देतो. पॅरिसच्या उत्तरेला असलेल्या सँ-दनी या उपनगरात, स्थानकाबाहेर, यानिस आणि केव्हिन हे विशीतले दोन मित्र उसन्या पन्नास युरोंवरून भांडत आहेत. प्रसंग अवघ्या सात वाक्यांचा आहे, परंतु बोलीचा स्तर सांभाळण्यातल्या बहुतेक अडचणी त्यात येऊन जातात.

पहिली अडचण शब्दांच्या आधीच सुरू होते. लिखित फ्रेंचमध्ये नकारार्थी वाक्याला 'न' आणि 'पा' असे दोन शब्द लागतात. बोलताना मात्र त्यातला 'न' जवळजवळ सगळेच गाळतात, त्यात प्राध्यापकही आले आणि आजीही आली. 'त्यु आ' या दोन शब्दांचे 'ता' होणे हीदेखील सर्वांचीच सवय आहे. नवशिक्या अनुवादकाला हे सारे रस्त्यावरचे वाटते आणि तो मराठी वाक्य उगाच रांगडे करून टाकतो. प्रत्यक्षात या गाळण्याला आपल्याकडे उत्तर आहे ते 'केले' ऐवजी 'केलं' आणि 'करतो आहेस' ऐवजी 'करतोयस' लिहिण्याचे, म्हणजे साध्या बोलण्याचे. तो आपला पाया समजावा आणि त्याच्या वर जे उरते तेवढ्यालाच बोलभाषेचा खास रंग मानावा.

आता प्रसंग पाहू. यानिस सुरुवात करतो ती 'वेश' या शब्दाने. हा शब्द अल्जीरियातील अरबीतून आलेला आहे आणि तो हाक, प्रश्न व आव्हान या तिन्ही कामांना चालतो. तीन दिवस तू उत्तर का देत नाहीस, असे तो विचारतो. केव्हिन 'माझे डोके खाऊ नकोस' अशा अर्थाचे काहीतरी बोलून बॅटरी संपल्याचे कारण देतो. मग यानिस तीन दिवस बॅटरी नव्हती या थापेवर चिडतो आणि पैसे कुठे आहेत ते विचारतो. केव्हिन त्याला 'रलू' म्हणतो. यानिस 'वल्ला' अशी शपथ घेऊन तू अति करतोस असे सुनावतो. केव्हिन 'प्युतँ' असे म्हणून पन्नास युरोंसाठी केवढा सिनेमा करतोस असे म्हणतो, आणि शेवटी यानिस पूर्णपणे साध्या शब्दांत म्हणतो, 'त्यु मा माँती', म्हणजे तू माझ्याशी खोटे बोललास.

'रलू' हा व्हेरलाँचा नमुना आहे. या पद्धतीत शब्दाची अक्षरे किंवा ध्वनी उलटे करतात. 'लूर' म्हणजे जड, त्याचे 'रलू' होते आणि अर्थ होतो वैताग आणणारा. व्हेरलाँ हे नावसुद्धा 'लाँव्हेर', म्हणजे 'उलट', या शब्दाला उलटून तयार झालेले आहे. येथे मराठीतही अक्षरे उलटवण्याचा किंवा आपली 'च'ची भाषा वापरण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण 'च'ची भाषा हा आपल्याकडे शाळकरी मुलांचा खेळ आहे, तर 'रलू' हा शब्द फ्रान्समध्ये इतका रुळला आहे की तो ऐकताना कोणी मनात सुलटा करत बसत नाही. फ्रेंच वाचक जिथे थबकत नाही तिथे मराठी वाचकालाही थबकवू नये. म्हणून मी 'किती पकवतोस यार' एवढ्यावर भागवतो.

'वल्ला'ची गोष्ट अधिक नाजूक आहे. शब्द अरबी आहे आणि त्याचा अर्थ 'अल्लाची शपथ' असा आहे, परंतु या वस्त्यांमध्ये तो सर्व धर्मांची आणि कोणताही धर्म न मानणारी मुलेही वापरतात. 'खुदा कसम' लिहिले तर यानिसच्या धर्मावर अकारण बोट ठेवल्यासारखे होते आणि 'देवाशप्पथ' बाळबोध वाटते. 'आईशप्पथ' येथे चपखल बसते, कारण फ्रेंच तरुणही आईच्या जिवाची शपथ सर्रास घेतात.

'प्युतँ'चा कोशातला अर्थ 'वेश्या' असा आहे आणि त्याच्यापुढे 'असभ्य' असा शेरा असतो, त्यामुळे नवखे अनुवादक एकतर जबर शिवी घालतात किंवा लाजून शब्दच गाळतात. ही शिवी मित्राला उद्देशून नाही, तो केवळ उसासा आहे. कोशातील शेरा शब्द किती सभ्य आहे ते सांगतो, तो त्या क्षणी किती जोराने लागतो ते सांगत नाही. 'च्यायला'चाही मुळातला अर्थ सभ्य नाही, तरी तो झिजून उसासाच झाला आहे, म्हणून तो चालतो.

पैशासाठी यानिस 'त्यून' हा बोलभाषेतला शब्द वापरतो. मराठीत 'रोकडा' सुचतो, पण त्याला जुन्या हिंदी चित्रपटातल्या खलनायकाचा वास येतो. अशा वेळी साधा 'पैसे' लिहावा आणि हरवलेला रंग वाक्यरचनेतून भरून काढावा. फ्रेंचमध्ये तो 'कुठे आहेत ते, माझे पैसे' अशी फोड करून बोलतो. मराठीतला मोकळा शब्दक्रम हे काम सहज करतो, आणि 'माझे' शेवटी गेले की हक्क अधिक टोचतो.

एवढे ठरल्यावर प्रसंग असा होतो:

— ए, गायबच झालास की! तीन दिवस झाले.
— डोकं नको खाऊस भावा, बॅटरी संपली होती.
— तीन दिवस बॅटरी नाही? येडा समजतोस का मला? पैसे कुठायत माझे?
— किती पकवतोस यार. सोमवारी देतो म्हटलं ना.
— कुठला सोमवार? आईशप्पथ, अति करतोयस तू.
— च्यायला, पन्नास युरोंपायी केवढा ड्रामा!
— पन्नास युरोंचं नाहीये. तू माझ्याशी खोटं बोललास.

युरोंचे रुपये केलेले नाहीत, आणि 'बे' किंवा 'मर्दा' यांसारखे शब्दही मुद्दाम टाळले आहेत. 'बे' आला की यानिस नागपूरचा होतो आणि 'मर्दा' आला की कोल्हापूरचा. फ्रेंच उपनगरातील बोलीला महाराष्ट्रातील एका प्रदेशाचे कपडे चढवले की वाचकाच्या डोळ्यांसमोरून सँ-दनी पुसले जाते. मुंबई-पुण्याकडच्या तरुणांची हिंदी-इंग्रजी मिसळलेली बोली हीसुद्धा एका प्रदेशाचीच आहे हे मला मान्य आहे, पण मालिका आणि मोबाइल यांमुळे ती सर्वत्र कानावर पडते, म्हणून तिचा पत्ता कमी दिसतो.

या प्रसंगात सर्वांत जपण्याजोगे आहे ते शेवटचे वाक्य. तोवर दोघेही बोलभाषेच्या आडून खेळत असतात. यानिसने ती सोडली की केव्हिनला कळते की आता हे भांडण पैशांचे राहिलेले नाही. बहुतेक विद्यार्थी येथेही सवयीने 'साल्या' किंवा 'लेका' घालतात, आणि त्यामुळे सबंध प्रसंग एकाच पट्टीत जातो. आधीची सहा वाक्ये रंगीत ठेवायची ती या सातव्याचा कोरेपणा जाणवावा म्हणून. मी या ठिकाणी 'तू' मुद्दाम लिहितो. 'बोललास' या क्रियापदातून कर्ता कळतोच, तरीही तो उच्चारला की बोट रोखल्यासारखे होते.

मसुदा तपासण्यासाठी तो फ्रेंच न येणाऱ्या विशीतल्या दोन तरुणांकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि आपण काही सांगू नये. जिथे ते अडखळतात तिथे वाक्य कागदी झालेले असते, जिथे भलत्या जागी हसतात तिथे शब्द जुना झालेला असतो, आणि वाचताना ते स्वतःहून एखादा शब्द बदलतात तेव्हा तो बहुधा आपल्या शब्दापेक्षा बरा असतो.

छपाईला पाठवताना संपादकांना एक चिठ्ठी जोडावी. एका प्रकाशनाच्या मुद्रितशोधनात माझ्या संवादांतील 'कुठायत'चे 'कुठे आहेत' आणि 'नाहीये'चे 'नाही' झाले होते आणि दोन्ही मित्र एकाएकी निबंध वाचल्यासारखे भांडू लागले होते. संवादातील बोलरूपे हेतुपूर्वक आहेत आणि निवेदनातील लेखन मात्र प्रमाण नियमांप्रमाणे तपासावे, अशा दोन ओळी तेवढ्यासाठी पुरतात.