‘म्हणून’वर पेन्सिल ठेवा

इतिहासलेखनाच्या चर्चेला जायचंय, पण लेखात घटना कुठली आणि लेखकाचं मत कुठलं हेच कळत नाही? मग क्रियापदं सोडा, जोडणारे शब्द आणि विशेषणं तेवढी गोल करा.

आपल्या नाशिकचंच घ्या : ‘काळाराम मंदिर सत्याग्रह अयशस्वी झाला, म्हणून बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली.’

१. ‘अयशस्वी’ आणि ‘म्हणून’ खोडा.
२. उरतं ते असं : 2 मार्च 1930ला सत्याग्रह सुरू, 13 ऑक्टोबर 1935ला येवल्यात घोषणा. या तथ्यांपुढे पुरावा लिहा.
३. खोडलेल्या शब्दांचे प्रश्न करा. अयशस्वी कुणाच्या मते? मधल्या वर्षांतला पुणे करार लेखकाने का गाळला? चर्चेत खरी मजा इथेच येते.

मात्र खोडलेलं ते खोटं, असं धरू नका.